रोलेक्स सबमरिनर: ओळखायच्या जुन्या याद्या आता चालत नाहीत, मग पारख कशी करायची?

अनिरुद्ध_पुणे

माझा मामेभाऊ वापरलेलं सबमरिनर घेतोय. मॉडेल ११६६१० एलएन, म्हणजे काळी तबकडी, काळी सिरॅमिक बेझल, ४० मिमी. हे मॉडेल २०१० साली आलं आणि २०२० मध्ये ४१ मिमीचं नवं आल्यावर बंद झालं. खोका आहे, कार्ड आहे, किंमत साडेसात लाख सांगितली आहे. विकणारा ओळखीच्याच्या ओळखीतला.

भावाने नेटवरून नकली ओळखायच्या खुणांची यादी काढली आणि घड्याळ हातात घेऊन एकेक खूण तपासली. सेकंद काटा टकटक न करता सरकतो. वजन भरपूर. तारखेवरचं भिंग अडीच पट मोठं दाखवतं. सहाच्या खाली काचेत बारीक मुकुट कोरलेला आहे. आतल्या कडेवर रोलेक्स रोलेक्स असं गोल कोरलंय आणि अक्षरं खुणांशी जुळतात. नंबर कार्डाशी जुळतो. मागचं झाकण साधं, पारदर्शक नाही. सगळीकडे टिक.

मी त्याला थांबायला सांगितलंय. माझ्या मते ही यादी आज कुचकामी आहे आणि म्हणूनच धागा काढतोय. ती ज्या नकली घड्याळांवरून तयार झाली ती पंधरा-वीस वर्षांपूर्वीची. खोट्या मालात तेव्हा ज्या गोष्टी जमत नव्हत्या त्यांचीच ती नोंद आहे. आता त्यातली प्रत्येक गोष्ट जमते. तरीही लोक याद्या एकमेकांना पाठवतात आणि सगळ्या खुणा जुळल्या की लाखो रुपये देऊन मोकळे होतात. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण यात फसतो तो नेमका काळजी घेणारा माणूस. बेफिकीर माणूस निदान एवढे पैसे लावत नाही.

जाणकारांनी सांगावं, यादीतलं नेमकं काय गेलं, कसं गेलं आणि आता हातात काय उरलंय?

विनायक_ठाणे

अनिरुद्ध, एवढं घाबरायचं कारण नाही. बाकी सगळं नकली करता येईल, धातू करता येत नाही. रोलेक्स ९०४ एल स्टील वापरतं, बाकी जग ३१६ एल. ९०४ एलमध्ये निकेल जवळजवळ दुप्पट असतं. सराफाकडे कॅरेटमीटर असतो, त्यावर घड्याळ ठेवा. दोन मिनिटांत निकाल. मी माझ्या मित्राचं असंच तपासून दिलं होतं.

गिरगावकर

नमस्कार. घड्याळदुरुस्ती हा आमचा धंदा, वडिलांपासून. रोज मशीन उघडतो म्हणून लिहितो.

विनायकराव, धातूतला फरक तुम्ही बरोबर सांगितलात. ३१६ एलमध्ये निकेल साधारण १० ते १४ टक्के, ९०४ एलमध्ये २३ ते २८. निष्कर्ष मात्र आता लागू पडत नाही. ९०४ एल काही रोलेक्सच्या मालकीचं नाही. रासायनिक कारखान्यांत ॲसिडच्या टाक्यांना वापरतात ते हे स्टील, बाजारात पत्र्यात आणि सळईत मिळतं. कापायला त्रासदायक, हत्यारं लवकर झिजतात, म्हणून स्वस्त नकलीवाले त्याच्या वाटेला जात नव्हते. वरच्या दर्जाचे आता बिनदिक्कत वापरतात आणि जाहिरातीत अभिमानाने लिहितातही. तेव्हा ३१६ निघालं तर हे मॉडेल नकली, हे अजून खरं. ९०४ निघालं तर काहीच सिद्ध होत नाही. शिवाय सराफाचं यंत्र सोन्यासाठी बेतलेलं असतं, स्टीलच्या आकड्यांवर त्याचा भरवसा धरू नका.

अनिरुद्ध, तुमच्या प्रश्नाकडे येतो. एका खुणेचंच उदाहरण घेतो, सेकंद काट्याचं.

पूर्वी फुटपाथवर मिळणारं नकली रोलेक्स सेलवर चालायचं. काटा सेकंदाला एकदा उडी मारायचा. म्हणून नियम झाला, टकटक करतं ते खोटं. मग स्वस्त ऑटोमॅटिक मशीन बसवायला लागले, तासाला २१,६०० ठोक्यांची. काटा सरकायला लागला, पण सेकंदाला सहा पावलं टाकत, थोडा अडखळत. खऱ्यात २८,८०० ठोके, म्हणजे आठ पावलं. जाणकारांनी लिहायला सुरुवात केली की काटा किती मऊ सरकतो ते बघा. त्यानंतर स्विस ईटीए २८२४ आणि २८३६ या मशीनच्या चिनी नकला आल्या. त्याही २८,८००. इथे काट्याची खूण कायमची संपली. तरी ती आजही प्रत्येक यादीत पहिल्या नंबरावर असते.

मीनल_डोंबिवली

मध्येच विचारते, क्षमस्व. माझ्या सासऱ्यांनी १९८० च्या सुमारास आखाती देशात नोकरीला असताना घेतलेलं रोलेक्स आमच्याकडे आहे. ते टकटक चालतं, सेकंदाला एक उडी. दोन दुकानांत दाखवलं, दोघांनी झाकण न उघडता सांगितलं की रोलेक्स टकटक करत नाही, हे नकली. सासऱ्यांना फसवलं गेलं असं आम्ही सगळ्यांनी धरलं होतं. आता तुम्ही म्हणताय ती खूणच संपली?

गिरगावकर

मीनलताई, तबकडीवर रोलेक्सच्या खाली ‘ऑयस्टरक्वार्ट्झ’ असं लिहिलंय का ते आधी बघा. रोलेक्सने १९७७ पासून स्वतःचं सेलवर चालणारं घड्याळ काढलं आणि पुढची वीसेक वर्षं ते विकलं. केस कोनदार, पट्टा केसमधूनच निघाल्यासारखा, एरवीच्या गोलसर रोलेक्सपेक्षा वेगळा दिसतो. मशीन ५०३५ किंवा ५०५५. ते टकटकच करतं, आणि दुकानात नीट ऐकू येईल इतक्या जोरात. कृपया कोणाला विकू नका आणि सेल संपलेला असेल तर आत गळू देऊ नका. तबकडीवरचे शब्द इथे लिहा.

अनिरुद्ध_पुणे

मीनलताईंचा अनुभव फार महत्त्वाचा आहे. यादी दोन्ही बाजूंनी चुकते. नव्या खोट्याला खरं ठरवते आणि जुन्या खऱ्याला खोटं. पारदर्शक झाकणाचंही तसंच. रोलेक्स कधी काचेचं झाकण लावत नाही, हे वर्षानुवर्षं ठामपणे लिहिलं गेलं. २०२३ मध्ये रोलेक्सनेच पर्पेच्युअल १९०८ आणि प्लॅटिनमचं डेटोना काचेच्या झाकणासह आणलं. झाकणावरच्या हिरव्या होलोग्राम स्टिकरची गोष्टही तीच. कंपनीने ते २००७ च्या सुमारास बंद केलं, पण स्टिकर नाही म्हणून नंतरची घड्याळं संशयात आणि स्टिकर आहे म्हणून नकली घड्याळं पास, असं बरीच वर्षं चाललं.

सदा_कोल्हापूर

छान माहिती. मला एवढंच सांगा, यातलं टिकाऊ फर्स्ट कॉपी कुठलं घ्यावं? ४० हजारांपर्यंत बजेट आहे. मला कोणाला फसवायचं नाही, स्वतःसाठीच पाहिजे.

अनिरुद्ध_पुणे

सदा, धागा विकत घेण्याबद्दल नाही, ओळखण्याबद्दल आहे. पण तुमच्या प्रश्नातच या विषयाचं मूळ आहे म्हणून उत्तर देतो. तुमच्यासारखा ४० हजार देणारा माणूस आहे म्हणूनच ही घड्याळं इतकी चांगली झाली. फुटपाथवरच्या हजार रुपयांत सफायरची काच आणि सिरॅमिक बेझल बसत नाही, ४० हजारांत बसते. आणि ते घड्याळ तुमच्याकडेच राहत नाही. तुम्ही विकता, मग पुढचा विकतो, तिसऱ्या हातात ते खरं म्हणून जातं. माझ्या भावासमोर आज जे ठेवलंय ते कदाचित तसंच आलेलं असेल.

गिरगावकर

सदाभाऊ, दुरुस्तीच्या बाजूने सांगतो. असल्या मशीनचा पार्ट मिळत नाही. आज जो कारखाना आहे तो उद्या छापा पडला की गायब, आणि दुसऱ्याचा पार्ट पहिल्यात नीट बसेलच असं नाही. कंपनीचं सर्व्हिस सेंटर हात लावणार नाही. ४० हजारांत उत्तम जपानी ऑटोमॅटिक येतं, नातवापर्यंत चालेल.

रोहन_जर्सी

मी न्यू जर्सीत असतो, घड्याळांचा नाद जुना आहे. नकली इतकं लवकर कसं सुधारतं, त्याबद्दल लिहितो, कारण बऱ्याच जणांना ती यंत्रणा माहीत नसते.

वरच्या दर्जाचं नकली घेणारे लोक ते नकली आहे हे जाणून घेतात, आणि फार चोखंदळ असतात. त्यांचे स्वतःचे गट आहेत. माल पाठवण्याआधी विक्रेता त्यांना त्या विशिष्ट घड्याळाचे फोटो पाठवतो. ते लोक ते फोटो खऱ्याच्या फोटोशेजारी ठेवून अक्षरांची जाडी, तारखेचा आकडा खिडकीत मधोमध आहे का, बारावरचा त्रिकोण किंचित तिरका आहे का, असं सगळं मोजतात. पसंत नसेल तर परत पाठवतात. त्या तक्रारी कारखान्यापर्यंत पोचतात आणि काही महिन्यांत त्याच घड्याळाची सुधारलेली आवृत्ती येते. आवृत्तीला नंबरही असतो, पहिली, दुसरी, तिसरी. म्हणजे नकली ओळखायची यादी ज्यांनी लिहिली त्यांच्याहून बारकाईने ती यादी नकली विकत घेणाऱ्यांनी वाचली आणि त्यातल्या चुका दुरुस्त करून मागितल्या.

आतल्या कडेवरच्या कोरीवकामाचं बघा. अक्षरं मिनिटांच्या खुणांशी जुळत नसतील तर नकली, असं लिहिलं गेलं. पण खऱ्या घड्याळांतही अक्षरं जराशी सरकलेली असतात. मी स्वतः अधिकृत दुकानातून घेतलेल्यात ती सरकलेली आहेत. नकलीवाल्यांनी मात्र यादी प्रमाण मानून त्यांची अचूक जुळवली. आता एखादं तंतोतंत जुळलेलं दिसलं की मलाच शंका येते.

स्नेहल_चाकण

माझा घड्याळांशी संबंध नाही, मी टूलरूममध्ये आहे, इथे गाड्यांचे पार्ट बनवतो. पण रिव्हर्स इंजिनिअरिंग रोजचं काम आहे म्हणून बोलते.

एखादा तयार पार्ट मापून त्याची नक्कल करता तेव्हा तुम्हाला त्या एका पार्टचं माप मिळतं. ड्रॉइंगवर कंपनीने किती कमी-जास्त चालवून घेतलंय, कुठे दोन मायक्रॉनसुद्धा चालणार नाहीत आणि कुठे वीस चालतील, हे पार्ट बघून कळत नाही. उष्णता कशी दिली, कडकपणा कुठल्या थरापर्यंत आहे, हेही सहज कळत नाही. म्हणून नक्कल बाहेरून हुबेहूब होते आणि एकेक पार्ट वेगळा बघितला तर उत्तम दिसतो, पण जुळणीत गडबड असते. कुठे जास्त घट्ट, कुठे सैल. रोहनने सांगितलेल्या अक्षरांमागेही मला हेच दिसतं. खऱ्या कंपनीने तिथे सूट दिलेली आहे, कारण तिच्या लेखी त्याने काही बिघडत नाही. नक्कल करणाऱ्याला कुठे सूट आहे हे माहीत नाही, म्हणून तो लोक जिथे बघतात तिथे जीव ओततो.

गिरगावकर काका, तुमच्या मशीनमध्ये असं होतं का?

गिरगावकर

स्नेहलताई, शंभर टक्के. तुमच्या बोलण्यावरून एक घड्याळ आठवलं, ते सविस्तर सांगतो. अनिरुद्धच्या भावाला उपयोग होईल.

आधी थोडी पार्श्वभूमी. ११६६१० मध्ये ३१३५ नावाचं मशीन असतं, १९८८ पासूनचं. नकलीवाले बरीच वर्षं त्याऐवजी ईटीएची नक्कल बसवायचे. त्या मशीनची उंची वेगळी, चावीची दांडी वेगळ्या पातळीवर, काट्यांची भोकं वेगळ्या मापाची, तबकडीचे पाय वेगळ्या जागी. त्यामुळे बाहेरच्या खुणा आपोआप निर्माण व्हायच्या. केस थोडी जाड, तारीख खिडकीत जरा आत बुडलेली. झाकण उघडलं तर एका नजरेत कळायचं, कारण ३१३५ मध्ये बॅलन्स व्हीलवरचा, म्हणजे मागेपुढे डोलून ठोके देणाऱ्या चाकावरचा, पूल दोन्ही बाजूंनी टेकलेला असतो, ईटीएत एकाच बाजूने. काहींनी ईटीएवर वरून खोट्या पट्ट्या चढवून तेही झाकायचा प्रयत्न केला.

मग त्यांनी आख्खं ३१३५ च उतरवलं. इथे सगळं बदललं. मशीनचं माप खऱ्याचं झालं, तेव्हा केसची जाडी, चावीची उंची, तारखेची खोली, काट्यांचं अंतर हे सगळं एका दमात खरं झालं. एकेक खूण सुधारावी लागली नाही. आणि खऱ्याची तबकडी, खरे काटे, खरी काच त्यात बसायला लागली. अर्धं खरं अर्धं खोटं असं घड्याळ तयार होऊ लागलं.

गेल्या दिवाळीनंतर एक गिऱ्हाईक असंच ११६६१० घेऊन आलं. ओळखीत घेतलेलं, कार्डासह. तक्रार काही नव्हती, नुसतं तपासून हवं होतं. बाहेरून मी आयग्लास लावून बराच वेळ बघितलं. तबकडीची छपाई उत्तम, काचेतला मुकुट बारीक ठिपक्यांचा, बघणाऱ्याला शोधावा लागेल असा. पूर्वी नकलीत तो ठळक दिसायचा. तारीख रात्री बाराला एका झटक्यात बदलत होती. टाइमग्राफर या ठोके मोजणाऱ्या यंत्रावर २८,८००, दिवसाला तीन-चार सेकंद पुढे. झोळ म्हणावा तर एकच, तबकडी वर ठेवून आणि चावी खाली ठेवून घेतलेल्या वेळेत बारा सेकंदांचा फरक. पण बरीच वर्षं सर्व्हिस न केलेल्या खऱ्यातही तो पडतो. एवढ्यावर मी कोणाला नकली म्हणणार नाही.

झाकण उघडलं. लाल चकत्या जागेवर, नावं कोरलेली, पूल दोन्ही बाजूंनी टेकलेला, बॅलन्स व्हील डोलवणारी बारीक हेअरस्प्रिंग निळी. फोटो काढून पाठवला असता तर बहुतेकांनी पास केलं असतं. मग मी बघायचं सोडून काम करायला घेतलं. ३१३५ मध्ये वेळ कमी-जास्त करायला कानी नसते. बॅलन्स व्हीलच्या आतल्या कडेला मायक्रोस्टेला नावाचे चार छोटे नट असतात, ते खास चावीने फिरवायचे. माझी चावी त्या नटांवर बसेना. आकार दिसायला तोच, माप वेगळं. पुलाखाली उंची जुळवायचे दोन नट असतात, खऱ्यात ते फिरतात आणि पूल केसभर वर-खाली होतो. यातले फिरतच नव्हते, नुसता आकार होता. आणि हेअरस्प्रिंगचं बाहेरचं टोक खऱ्यात वर वळवून आत आणलेलं असतं, यात ते सपाट पडलेलं होतं. स्नेहलताई म्हणाल्या तेच, दिसतं तेवढं उतरवलं होतं. काम करतं ते उतरवलं नव्हतं.

पट्टा मात्र खरा होता, क्लास्पसकट.

विनायक_ठाणे

पण काका, कार्डाचं काय? नंबर जुळत होता ना? कंपनीकडे नोंद असणारच.

गिरगावकर

जुळत होता. कार्ड आणि घड्याळ दोन्ही एकाच माणसाने छापले तर का नाही जुळणार? नंबर बहुधा कुठल्यातरी खऱ्या घड्याळावरून उचललेला. असा नंबर अस्तित्वात आहे एवढंच त्यातून कळतं, तुमच्या हातातलं तेच घड्याळ आहे हे कळत नाही. सर्वसामान्य गिऱ्हाइकाला नंबर टाकून तपासता येईल अशी सोय रोलेक्सने उघडी ठेवलेली नाही. आणि २०१० च्या सुमारापासून नंबर क्रमाने नाहीत, त्यामुळे नंबरावरून सालही काढता येत नाही. अशी सालं सांगणारे तक्ते नेटवर आहेत, ते जुन्या घड्याळांपुरतेच.

रोहन_जर्सी

२०२० नंतरच्या कार्डात चिप असते, फोन जवळ नेला की प्रतिसाद येतो. लोकांना वाटलं आता सुटलो. नकली कार्डातही चिप आली. फोनने काहीतरी वाचलं एवढ्यावर समाधान मानणारे खूप आहेत.

काका, एक विचारतो. खऱ्या निळ्या हेअरस्प्रिंगला, पॅराक्रोमला, चुंबकाचा परिणाम होत नाही. ती नायोबियम आणि झिर्कोनियमची असते. मग चुंबकाजवळ नेऊन, वेळ बिघडते का बघून ठरवता येणार नाही? ही गोष्ट रंग देऊन नकलता येत नाही.

गिरगावकर

कल्पना चांगली आहे, मी वापरत नाही. मशीनमध्ये स्प्रिंगशिवाय बाकी पोलाद भरपूर असतं, ते चुंबक धरतं आणि खऱ्याचीही वेळ थोडी बदलते. किती बदललं म्हणजे स्प्रिंगमुळे, हे सांगायला तुमच्याकडे त्याच मॉडेलच्या खऱ्या घड्याळांची नोंद हवी. शिवाय दुसऱ्याच्या घड्याळावर मी चुंबक लावणार नाही.

रोहन_जर्सी

मला अजूनही वाटतं की मोजमाप नीट ठेवलं तर यात काहीतरी आहे. इथले एक-दोन कारागीर प्रयोग करताहेत, काही हाती लागलं तर लिहीन.

स्नेहल_चाकण

एक शंका. काका, तुम्ही आत्ता इथे नट, पूल, स्प्रिंगचं टोक सगळं उघड लिहिलंत. रोहनच्या म्हणण्यानुसार हे वाचून पुढच्या आवृत्तीत सुधारणारच ना ते? मग लिहावं की नाही?

गिरगावकर

रास्त प्रश्न आहे. आमच्या धंद्यात यावर दोन तट आहेत. मी लिहिलं त्या गोष्टी त्यांना माहीत नाहीत असं नाही, खरं मशीन उघडूनच तर नक्कल केली. करत नाहीत कारण महाग पडतात. चालणारे नट करायचे म्हणजे बॅलन्स व्हील प्रत्येक वेळी तोलून जुळवायला हवं, त्याला बसून काम करणारा कुशल माणूस लागतो. वर वळवलेली हेअरस्प्रिंग हातानेच नीट बसते. जाहिरातीत दाखवता येत नाही अशा गोष्टीवर ते माणूस बसवत नाहीत. आज तरी. काही नव्या मशीनमध्ये स्प्रिंगही वळवलेली दिसायला लागली आहे, तेव्हा ही खूणही किती दिवस चालेल याची हमी मी देणार नाही.

तबकडीच्या छपाईतली एक गोष्ट आहे, ती मात्र मी लिहिणार नाही. ती सुधारायला त्यांना काही खर्च नाही, फक्त कळायला हवी.

अनिरुद्ध_पुणे

काका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून मी इथे असहमत आहे. जी खूण मोजक्या कारागिरांना माहीत, ती ग्राहकाच्या कामाची नाही. तो शेवटी ‘मला कळतं, विश्वास ठेवा’ म्हणणाऱ्याच्या हवाली होतो, आणि तसं म्हणणारे खोटेही असतात. मीनलताईंना दोन दुकानदारांनी तसंच ठणकावून सांगितलं.

पण तुम्ही केलेला भेद मला पटला. जी खूण सुधारायला नुसती माहिती लागते ती लगेच मरते, जी सुधारायला प्रत्येक घड्याळामागे माणसाचे तास लागतात ती टिकते. काटा, भिंग, मुकुट, अक्षरं, स्टील, हे सगळं एकदा यंत्र लावलं की हजारो घड्याळांत आपोआप येतं. यादीत नेमकं तेच भरलेलं आहे, कारण ते फोटोत दिसतं.

आता भावासाठी व्यवहाराचं सांगा. त्याने करायचं काय?

गिरगावकर

खूण लिहिण्याबद्दल मी माझं मत बदलत नाही, तुमचं म्हणणंही चूक नाही. असो.

भावाला सांगा, पैसे देण्याआधी विकणाऱ्यासमोर झाकण उघडायचं, आणि ३१३५ वर ज्याचा हात बसलेला आहे अशा कारागिराकडे. त्याच्याकडे मायक्रोस्टेलाची चावी आहे का हे फोनवर आधीच विचारा. नसेल तर तो फक्त बघू शकेल, आणि बघून कळायचे दिवस गेले. उघडल्यावर गॅस्केट बदलून पाण्याचा दाब तपासून घ्यायचा, हे घड्याळ ३०० मीटरचं आहे. तो खर्च भावाने करावा, म्हणजे विकणाऱ्याला नाही म्हणायला कारण उरत नाही. जमलं तर त्याच मॉडेलचं, त्याच काळातलं, खात्रीचं दुसरं घड्याळ शेजारी ठेवून बघा. कागदांत कार्डापेक्षा पहिल्या मालकाने पैसे दिल्याचा बँकेचा उतारा मागा. सर्व्हिस झाली असेल तर तिचं बिल. ते छापणं कठीण नाही, पण त्या दुकानात फोन करून विचारता येतं.

आणि एक, मशीन खरं निघालं तरी तबकडी, बेझल, पट्टा वेगळे तपासा. माझ्याकडे आलेल्यात पट्टा खरा आणि मशीन खोटं होतं, उलटंही असतं.

विनायक_ठाणे

काका, त्या गिऱ्हाइकाचं पुढे काय झालं? पैसे मिळाले?

गिरगावकर

विकणारा म्हणतो त्यानेही खरं समजूनच घेतलं होतं, आणि मला ते खरं वाटतं. ट्रेडमार्क कायद्यात नकली माल विकणं गुन्हा आहे, पण माहीत असताना विकलं की नसताना, यावर गाडं अडतं. दोघांनी वकील केलेत. घड्याळ अजून माझ्या कपाटात सीलबंद आहे.

मीनल_डोंबिवली

काका, घरी जाऊन बघितलं. तबकडीवर वर रोलेक्स, त्याखाली ‘ऑयस्टरक्वार्ट्झ’, मग ‘डेटजस्ट’. केस कोनदार आहे, पट्टा केसमध्येच घुसलेला आहे. दोन्ही दुकानदारांनी हे शब्द वाचलेच नव्हते. फोटो कुठे टाकू?

गिरगावकर

मीनलताई, शब्द जुळले याचा आनंद आहे, पण शब्दही छापता येतात, म्हणून मी फोटोवरून खरं म्हणणार नाही. शनिवारी दुकानात घेऊन या, ५०३५ आत आहे का ते बघू. त्या मशीनची नक्कल करण्याएवढा धंदा त्यात कोणाला नव्हता, त्यामुळे उघडलं की लगेच कळेल.

अनिरुद्ध_पुणे

भावाचा फोन आला. विकणारा म्हणतो, झाकण उघडलं तर घड्याळाची किंमत कमी होते, बाकी काहीही तपासा. कारागिराचा खर्च, गॅस्केट, दाबाची चाचणी सगळं आम्ही करतो असं सांगूनही नाही म्हणतोय. भाऊ म्हणतो माणूस सज्जन वाटतो. काका, यावर तुमचं काय?

गिरगावकर

सज्जन असेलही. दर काही वर्षांनी सर्व्हिसला झाकण उघडावंच लागतं, नीट उघडून बंद केल्याने किंमत कमी होत नाही. उघडू देत नसेल तर साडेसात लाख देऊ नका.